"जास्त" दिसलं की बेरीज? तिसरीच्या तुलनेच्या उदाहरणांसाठी पायऱ्या

तिसरीच्या वर्गाला पहिल्यांदाच गणित शिकवणार असाल तर पुढचं उदाहरण फळ्यावर लिहून बघा.

मंडईत सखूबाईंकडे मेथीच्या ४८ जुड्या आहेत. सखूबाईंकडे शांताबाईंपेक्षा १५ जुड्या जास्त आहेत. तर शांताबाईंकडे किती जुड्या आहेत?

अर्ध्या वर्गाच्या वहीत ६३ सापडेल. मांडणी नीट असेल, एककाखाली एकक, दशकाखाली दशक, बेरीजही बिनचूक. ही बेरीज न येणारी मुलं नाहीत. त्यांनी वाक्यात "जास्त" पाहिलं आणि दोन संख्या मिळवल्या. हा लेख फक्त या एका जातीच्या उदाहरणांबद्दल आहे, म्हणजे दोघांची तुलना सांगितलेली आणि लहान किंवा मोठी रक्कम विचारलेली. शाब्दिक उदाहरणांत मुलं सगळ्यात जास्त इथे घसरतात. इथे बसलेली वाचायची सवय पुढे गुणाकार-भागाकाराच्या उदाहरणांतही उपयोगी पडते.

पहिलं काम फळ्याजवळचं आहे. वर्गात "एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी, जास्त म्हणजे बेरीज" असा तक्ता लावलेला असेल तर तो काढा. मी पुण्यात शिकवायला लागले तेव्हा पहिली काही वर्षं माझ्याही वर्गात असा तक्ता होता आणि मुलं त्याच्याकडे बघून गणितं करत. चाचणीत दोन उदाहरणं आली. "बसमध्ये एकूण ४५ प्रवासी आहेत, त्यांत १९ स्त्रिया आहेत, तर पुरुष किती?" आणि "आजीने १५ लाडू वाटले, ७ उरले, तर आधी किती होते?" पहिल्यात "एकूण" आहे आणि वजाबाकी करायची आहे. दुसऱ्यात "उरले" आहे आणि बेरीज करायची आहे. तक्ता पाठ असलेल्या मुलांची दोन्ही चुकली, आणि ज्यांना तक्ता कधी नीट पाठच झाला नव्हता अशा दोघातिघांची बरोबर आली. त्या संध्याकाळी मी तक्ता उतरवला.

मराठी वाक्यात अडखळायला काय काय असतं

शिकवण्याआधी उदाहरण स्वतः मुलाच्या डोळ्यांनी वाचा. "शांताबाईंपेक्षा" हा एकच शब्द आहे आणि तुलना कोणाशी आहे हे त्याच्या शेपटीला चिकटलेल्या "पेक्षा"मध्ये लपलेलं आहे. घाईत वाचणारं मूल "शांताबाईं" एवढंच वाचतं आणि त्याच्या डोक्यात "शांताबाई, १५, जास्त" असं उतरतं. मग त्याच्या गोष्टीत शांताबाईंकडेच जास्त जुड्या असतात.

दुसरी अडचण "ने"ची. "१५ ने जास्त" आणि "१५ पेक्षा जास्त" हे मोठ्यांना वेगळं ऐकू येतं, आठ वर्षांच्या मुलाला बरेचदा येत नाही. घरी हिंदी, कन्नड किंवा मारवाडी बोलणारी मुलं वर्गात असतील तर हा "ने" तोंडी वाक्यांतून मुद्दाम वापरायला लावा. रोज हजेरीनंतर दोन वाक्यं पुरतात: "आज मुलींपेक्षा मुलगे ३ ने जास्त आलेत. मग कोण कमी? किती ने?"

तिसरी गोष्ट सर्वनामांची. हेच उदाहरण "त्या शांताबाईंपेक्षा १५ ने जास्त आहेत" असं लिहिलं तर "त्या" म्हणजे सखूबाई की जुड्या, हा प्रश्न मुलाला पडतो. सुरुवातीच्या उदाहरणांत नाव पुन्हा लिहा, "त्या", "तिच्या", "त्याच्याकडे" टाळा. पायऱ्या अंगवळणी पडल्या की सर्वनामं हळूहळू परत आणा, कारण पुस्तकात आणि शिष्यवृत्तीच्या परीक्षेत ती असणारच.

सहा पायऱ्या

समजून घेणे, युक्ती ठरवणे, ती पार पाडणे आणि मागे वळून पाहणे हे चार टप्पे जॉर्ज पोल्या या गणितज्ञाने १९४५ मध्ये मांडले आणि पुष्कळ ठिकाणी तेच शिकवले जातात. पण तिसरीच्या मुलाला नुसतं "समजून घे" म्हटलं तर नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून तुलनेच्या उदाहरणांसाठी मी त्या चारांच्या सहा बारीक पायऱ्या केल्या आहेत. प्रत्येक पायरीत मुलाला हाताने किंवा तोंडाने काहीतरी करायचं असतं.

पहिली पायरी, संख्या झाकून वाचणे. फळ्यावर संख्यांवर कागदाचे चौकोन चिकटवा. आता वाक्य असं होतं: "सखूबाईंकडे काही जुड्या आहेत. सखूबाईंकडे शांताबाईंपेक्षा काही जुड्या जास्त आहेत." आकडेच नसल्यामुळे बेरीज करायला काही उरत नाही, मुलाला गोष्टच ऐकावी लागते. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पुस्तकात न बघता आपल्या शब्दांत सांगायचं.

दुसरी पायरी, एकच प्रश्न: कोणाकडे जास्त? "किती" विचारूच नका. उत्तर नावाने हवं. त्यानंतर उलटं वाक्य म्हणून घ्या: "सखूबाईंकडे जास्त, म्हणजे शांताबाईंकडे कमी." हे उलटं वाक्य म्हणजे या सगळ्या रीतीचा कणा आहे. ज्या मुलाला ते स्वतःहून म्हणता येतं ते पुढे सहसा चुकत नाही. म्हणून वर्गातल्या प्रत्येकाच्या तोंडून ते एकदा तरी आलं पाहिजे, चार हुशार मुलांच्या तोंडून ऐकून पुढे जाऊ नका.

तिसरी पायरी, पट्ट्या. दोघींच्या नावांसमोर एकाखाली एक अशा दोन आडव्या पट्ट्या काढायच्या. डावीकडची टोकं एका रेषेत हवीत, मोठी कोण हे दुसऱ्या पायरीत ठरलेलंच आहे. मोठीचा जो भाग लहानीच्या पुढे येतो तिथे उभी रेघ मारायची, तो "जास्तीचा तुकडा". पट्ट्या मापाने काढायच्या नाहीत, कोणती मोठी एवढं दिसलं की पुरे. काही मुलं मोजपट्टी घेऊन ४८ मिलिमीटरची पट्टी आखायला बसतात, त्यांना वेळीच थांबवा.

चौथ्या पायरीत संख्यांवरचे कागद काढा आणि प्रत्येक संख्या पट्टीवर तिच्या जागी लिहायला सांगा. ४८ सखूबाईंच्या पूर्ण पट्टीवर, १५ जास्तीच्या तुकड्यात, शांताबाईंच्या पट्टीत प्रश्नचिन्ह. पाचव्या पायरीत क्रिया ठरते. पूर्ण पट्टी ४८, त्यातला तुकडा १५, आणि उरलेला भाग शांताबाईंच्या पट्टीएवढा, म्हणून ४८ − १५ = ३३.

सहावी पायरी तपासण्याची, पण इथे वजाबाकी पुन्हा करायची नाही. उत्तर गोष्टीत घालून गोष्ट वाचायची: "शांताबाईंकडे ३३, सखूबाईंकडे ४८. सखूबाईंकडे जास्त आहेत का? हो. १५ ने जास्त आहेत का? ३३ आणि १५ मिळून ४८. हो." ६३ लिहिलेल्या मुलाला हेच वाचायला लावा: "शांताबाईंकडे ६३, सखूबाईंकडे ४८. सखूबाईंकडे जास्त..." ते मूल तिथेच थांबतं. चूक तुम्हाला दाखवावी लागत नाही.

पट्ट्यांच्या आधी एक दिवस चिंचोक्यांना द्या. ८ आणि ५ चिंचोके दोन ओळींत समोरासमोर, जोड्या लावून. ज्यांना जोडीदार नाही ते ३ बाजूला सरकवायचे. जोडी लावण्याचा हा अनुभव नसेल तर पट्टी हे नुसतं चित्र राहतं, त्यातून काही कळत नाही. चिंचोक्यांनंतर जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पट्ट्या घ्या आणि जास्तीचा तुकडा खरोखर फाडून टाकायला लावा. फाडून झाल्यावर दोन्ही पट्ट्या सारख्या होतात, तेव्हा वजाबाकी का करायची हे मुलांना हातात दिसतं.

सोडवून दाखवलेलं उदाहरण कसं वापरायचं

नव्या शिक्षकांची एक सवय असते. एक उदाहरण फळ्यावर सोडवायचं, "समजलं का?" विचारायचं, मुलांनी एका सुरात "हो बाई" म्हणायचं, आणि मग दहा उदाहरणं वहीत सोडवायला द्यायची. यातली उडी फार लांब आहे. १९८५ मध्ये जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी बीजगणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की नुसतीच उदाहरणं सोडवत बसणाऱ्यांपेक्षा सोडवून दिलेली उदाहरणं अभ्यासून लगेच तसंच एक सोडवणारे कमी वेळात शिकले आणि त्यांच्या चुकाही कमी झाल्या. कारण समजायला सोपं आहे. नवशिक्या डोक्यात एका वेळी थोडंच मावतं. गोष्ट, "पेक्षा", पट्टी आणि हातच्याची वजाबाकी हे सगळं एकदम आलं की मूल सगळ्यात ओळखीचं काय ते पकडतं, आणि ती असते बेरीज.

म्हणूनच वरच्या उदाहरणात मी मुद्दाम ४८ आणि १५ घेतले. ४८ मधून १५ जाताना दशक सुटा करावा लागत नाही. पहिल्या तीन दिवसांत अशाच संख्या ठेवा. ५२ आणि १८ सारख्या संख्या चौथ्या दिवसानंतर आणा, नाहीतर चूक वाचण्यातली की वजाबाकीतली हे तुम्हालाच कळणार नाही.

३५ मिनिटांच्या तासिकेत माझा क्रम असा असतो. पहिल्या दिवशी पेन्सिली खाली. मी सहाही पायऱ्या फळ्यावर करते आणि करताना मनातलं मोठ्याने बोलते: "इथे 'जास्त' लिहिलंय, माझा हात बेरजेकडे चाललाय. थांबते. जास्त कोणाकडे? सखूबाईंकडे. मग मला विचारलंय कोणाचं? कमीवालीचं." या बोलण्यात शंका आणि थांबणं ऐकू आलं पाहिजे, कारण मुलांनी उचलायचं आहे ते तेच. मग उदाहरण न पुसता त्यावर "का" चे तीन प्रश्न विचारते: "ही पट्टी लांब का? १५ इथेच का लिहिले, खाली का नाही? वजाबाकी का?" उत्तरं आधी शेजाऱ्याला सांगायची, मग वर्गाला. त्यानंतर फळ्याच्या उजव्या भागात अगदी तसंच एक उदाहरण, फक्त मेथीऐवजी पेरू आणि वेगळ्या संख्या. डावीकडचं सोडवलेलं तसंच राहतं, मुलं त्याच्याकडे बघत उजवीकडचं वहीत सोडवतात. बघून करण्याला इथे मनाई नाही.

दुसऱ्या दिवशी कागदावर सोडवलेलं उदाहरण देते, पण शेवटची पायरी, म्हणजे तपासणी, रिकामी. तिसऱ्या दिवशी क्रिया आणि तपासणी रिकामी. चौथ्या दिवशी नुसत्या पट्ट्या काढलेल्या, संख्याही मुलांनीच टाकायच्या. पाचव्या दिवशी फक्त उदाहरण. शेवटून एकेक पायरी काढत जाण्याचा फायदा असा, की मूल रोज एकच नवी पायरी स्वतः करतं आणि त्याच्या आधीचं सगळं बरोबर मांडलेलं असतं. चाळीस मुलांच्या वर्गात हे कागद छापणं जमत नसेल तर फळ्यावर अर्धवट सोडवलेलं उदाहरण लिहा आणि मुलांना पाटीवर फक्त रिकामी पायरी लिहायला सांगा. पाट्या एकदम वर केल्या की दहा सेकंदांत वर्ग कुठे आहे ते दिसतं.

एक धोका मला उशिरा कळला, तो आधीच सांगते. पाचही दिवस अशीच उलट वळणाची उदाहरणं दिलीत तर मुलं नवा तक्ता तयार करतात, "जास्त म्हणजे वजाबाकी". म्हणून तिसऱ्या दिवसापासून सरळ वळणाची उदाहरणं मिसळा: "शांताबाईंकडे ३३ जुड्या आहेत. सखूबाईंकडे शांताबाईंपेक्षा १५ जास्त आहेत. सखूबाईंकडे किती?" इथे बेरीजच आहे. "कमी"चीही दोन्ही रूपं हवीत. आणि एक तिसरा प्रकार, ज्यात दोन्ही रकमा दिलेल्या असतात आणि किती ने जास्त हे विचारलेलं असतं. तिन्हींच्या पट्ट्या एकाखाली एक काढून "यात प्रश्नचिन्ह कुठे गेलं?" असं विचारा. चित्र तेच राहतं, फक्त प्रश्नचिन्ह जागा बदलतं, हे मुलांच्या लक्षात यायला मला तरी दोन पूर्ण तासिका लागतात आणि त्या खर्चायला हरकत नाही.

चुकलेलं उत्तर काय सांगतं

वह्या तपासताना नुसती फुली मारू नका, उत्तरावरून कोणती पायरी निसटली ते ओळखा. ६३ म्हणजे दुसरी पायरी निसटली, शब्द बघून क्रिया केली. १५ उत्तर लिहिलं असेल तर मूल "१५ जास्त" ही शांताबाईंची रक्कम समजलं. त्याच्या वहीत बघा, १५ हा आकडा जास्तीच्या तुकड्यात नसून खालच्या पट्टीत लिहिलेला असेल. त्याला पुन्हा चिंचोक्यांकडे न्या. ३२ किंवा ३४ असेल तर वाचन ठीक आहे, मोजणीत गडबड आहे, शाब्दिक उदाहरणांची उजळणी त्याला नको. पट्ट्यांची डावी टोकं पुढेमागे असतील तर जास्तीचा तुकडा कुठेच दिसत नाही आणि मग मूल अंदाजाने क्रिया करतं. वहीचा समास ही "सुरुवातीची रेघ" ठरवून दिली की हे बहुतेक थांबतं. आणखी एक चूक हमखास असते: ज्याचं नाव आधी आलं त्याची पट्टी मोठी काढणे. ही पकडायला नावांचा क्रम उलटलेलं एक उदाहरण मुद्दाम द्या.

आणि ३३? बरोबर उत्तरावरही लगेच विसंबू नका. नेहमी वजाबाकीच करणारं मूलही इथे ३३ आणतं. त्याला सरळ वळणाचं एक उदाहरण द्या, मग कळेल.

पाचव्या दिवशीच मी एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण फळ्यावर लिहिते. "दुसऱ्या एका वर्गातल्या मुलाने असं केलं, कुठे चुकलं ते शोधा." वर्गातल्या कुणाची वही यासाठी कधीच वापरू नका, नाव झाकूनही नाही, अक्षर सगळ्यांना ओळखू येतं. एकदा एक मुलगा पुढे येऊन म्हणाला, "बाई, त्याने 'पेक्षा' वाचलंच नाही." मी विचारलं, "तुला कसं कळलं?" तो म्हणाला, "वाचलं असतं तर शांताबाईंची पट्टी छोटी आली असती ना." त्याआधीच्या आठवड्यात त्याचंही उत्तर ६३ होतं.

कुठे थांबायचं

पायऱ्या या कुबड्या आहेत. जे मूल न चुकता उलटं वाक्य मनात म्हणतं आणि थेट ४८ − १५ लिहितं त्याच्याकडून पट्ट्या काढून घेण्याचा आग्रह धरू नका. येत असलेली गोष्ट सहा पायऱ्यांत लिहायला लावली की ते कंटाळतं आणि त्याच्या चुकाही वाढतात. अशा मुलांना दोन पावलांचं उदाहरण द्या. त्याच गोष्टीत "दोघींकडे मिळून किती जुड्या?" असं विचारा. आधी ३३ काढावे लागतात, मग ४८ + ३३ = ८१. इथे पुष्कळ मुलं पुन्हा ४८ + १५ करतात, कारण दिसणाऱ्या दोन संख्या त्याच असतात. त्यांना पट्ट्यांकडे परत यावंसं वाटतं, आणि आता पट्टी का काढायची हे त्यांना स्वतःलाच माहीत असतं.

तुलनेच्या उदाहरणांसाठी घट्ट बसलेल्या या पट्ट्या सगळ्याच उदाहरणांना चालतील असं समजू नका. वेळेची उदाहरणं, नाण्यांची मोड, अंतरावर झाडं लावण्याची उदाहरणं यांना वेगळी चित्रं लागतात. संख्या झाकून वाचणं आणि उत्तर गोष्टीत घालून बघणं या दोन पायऱ्या मात्र तिथेही चालतात.

तिसऱ्या आठवड्यात मुलांना स्वतः उदाहरण रचायला सांगा. अट एकच, "जास्त" शब्द यायला हवा आणि उत्तर वजाबाकीने यायला हवं. गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीने लिहिलं: "पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. पर्वतीला आमच्या चाळीपेक्षा ६७ पायऱ्या जास्त आहेत. आमच्या चाळीला किती पायऱ्या?" १०३ मधून ६७ वजा करताना मध्ये शून्य येतं, आणि ती वजाबाकी मी अजून शिकवलीच नव्हती. तिला विचारलं, ६७ कुठून आणलेस? ती म्हणाली, आमच्या जिन्याच्या मी मोजल्यात, छत्तीस आहेत. मग छत्तीसच्या पुढे मोजलं, चाळीसपर्यंत चार, शंभरपर्यंत साठ, आणि वरच्या तीन. वहीत तिने दोन पट्ट्या काढल्या होत्या, समासाला टेकवून, आणि जास्तीच्या तुकड्याचे तीन छोटे भाग करून त्यांत ४, ६० आणि ३ लिहिले होते.